ऑनलाइन परीक्षा अर्ध्यात तुटली? पुन्हा संधी मागणारा ईमेल असा लिहा



व्हिडिओमध्ये ईमेलचा नमुना पडद्यावर भराभर पुढे गेला, म्हणून तो इथे सावकाश लिहून देतोय. त्याच्यासोबत व्हिडिओत वेळेअभावी राहून गेलेला भागही आहे: समोरचा माणूस तुमचा ईमेल वाचताना त्याच्या पडद्यावर काय बघत असतो. तेवढं एकदा समजलं की नमुना पाठ करायची गरज उरत नाही.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. समजा, बार्शीत तुमचं झेरॉक्स आणि आरटीओच्या कामांचं छोटं दुकान आहे. गाडीची कागदपत्रं घेऊन येणारे लोक विम्याचंही विचारतात, म्हणून तुम्ही एका विमा ब्रोकरकडे पीओएसपी, म्हणजे पॉइंट ऑफ सेल्स पर्सन म्हणून नाव नोंदवलंत. त्यासाठी १५ तासांचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं आणि नंतर परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा ज्या विमा कंपनीकडे किंवा ब्रोकरकडे तुम्ही काम करणार, तेच घेतात. आपल्या दृष्टीने ही सोयीची गोष्ट आहे, कारण परीक्षा तुटली तर दाद कुणाकडे मागायची हे ठरलेलं असतं. तुम्ही १५ तास पूर्ण केले. सकाळी ११ वाजून ५ मिनिटांनी परीक्षा सुरू केली. ५० प्रश्न, ६० मिनिटं. ११:२९ ला लाईट गेली. २२ प्रश्नांची उत्तरं देऊन झाली होती, २३ वा समोर उघडा होता.

लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला, पण वायफायचा राउटर बंद पडला. आपल्याकडे बहुतेक वेळा असंच होतं. पडद्यावर प्रश्न दिसत असतो, त्यामुळे माणसाला वाटतं परीक्षा चालू आहे. पण पुढचं बटण दाबलं की नुसतं गोल गोल फिरत राहतं.

तुम्ही मोबाइलचा हॉटस्पॉट लावलात आणि ११:३६ ला पुन्हा लॉगिन केलंत. पडद्यावर आलं, "Session already active". ११:४१ ला परत प्रयत्न केला, परत तेच. १२:१२ ला लाईट आली, तुम्ही लॉगिन केलंत, तर समोर "Assessment submitted", १५ गुण, आणि खाली लाल अक्षरांत "Fail".

आता काय करायचं?

मशीनने काय लिहून ठेवलंय

आधी समोरच्या बाजूला जाऊन बसू. परीक्षेची वेळ तुमच्या लॅपटॉपवर मोजली जात नाही, ती सर्व्हरवर मोजली जाते. पडद्यावरचं उलटं घड्याळ फक्त दाखवण्यापुरतं असतं. म्हणून नेट गेलं तरी तुमची ६० मिनिटं चालूच राहिली, आणि १२:०५ ला सर्व्हरने जेवढी उत्तरं त्याच्याकडे पोचली होती तेवढी घेऊन पेपर आपोआप जमा केला. तुम्ही काहीही दाबलं नव्हतं. तरी नोंदीत "जमा केला" असंच येणार.

उत्तरं कधी पोचतात हे प्रणालीवर अवलंबून असतं. काही ठिकाणी प्रत्येक प्रश्नानंतर "Save & Next" दाबलं की उत्तर जातं. मूडल नावाची मोफत प्रणाली पुष्कळ प्रशिक्षण संस्था वापरतात. त्यात उत्तरं अधूनमधून आपोआप साठवली जातात, साधारण दर मिनिटाला. म्हणजे लाईट जाण्याच्या आधीच्या मिनिटात टिक केलेलं एखादं उत्तर न पोचलेलं असू शकतं. म्हणून ईमेलमध्ये "मी २२ प्रश्न सोडवले" असं ठासून लिहायचं नाही, "साधारण २२ प्रश्न झाले होते" असं लिहायचं. त्यांच्या नोंदीत २१ दिसले तर तुम्ही खोटे पडायला नकोत.

आणि "Session already active" कशामुळे आलं? तुमचं पहिलं लॉगिन सर्व्हरच्या लेखी अजून जिवंत होतं. तुमच्याकडचं नेट गेलं हे सर्व्हरला कुणी सांगत नाही. त्याच्याकडे यायच्या हालचाली थांबतात, एवढंच त्याला दिसतं. त्यातून एकाच नावाने दोन ठिकाणी परीक्षा उघडू नये म्हणून बऱ्याच प्रणाली दुसरं लॉगिन अडवतात. हा दोष तुमचाही नाही आणि त्यांचाही नाही, पण तुमच्या दृष्टीने तो फार कामाचा आहे. का, ते पुढे बघा.

आता सपोर्टमधल्या त्या माणसाचा विचार करा. त्याच्या पडद्यावर तुमच्या नावापुढे एक ओळ आहे: सुरुवात ११:०५, शेवटची हालचाल ११:२९, जमा १२:०५ आपोआप, गुण १५, नापास. ही ओळ लाईट गेलेल्या माणसाची असू शकते. पेपर अवघड वाटला म्हणून लॅपटॉप मिटून चहा प्यायला गेलेल्या माणसाचीही अगदी हीच ओळ असते. दोन्हींत फरक करायला त्याच्याकडे काहीही नाही. तो तुम्हाला ओळखत नाही, आणि प्रश्न बघून घ्यायचे, मग "लाईट गेली" म्हणून नवीन पेपर मागायचा, असे लोक त्याने पाहिलेले आहेत.

तेव्हा तुमच्या ईमेलचं काम एकच: त्या ओळीला तुमची गोष्ट तंतोतंत जुळली पाहिजे आणि चहा प्यायला गेलेल्या माणसाची जुळता कामा नये. इथेच ११:३६ आणि ११:४१ चे दोन फसलेले प्रयत्न सोन्याचे ठरतात. पेपर सोडून गेलेला माणूस सात मिनिटांत दुसऱ्या नेटवरून परत आत यायची धडपड करत नाही. आणि अडवलेलं लॉगिन बऱ्याच प्रणालींमध्ये नोंदलं जातं. तुम्ही वेळ सांगितलीत की तो शोधू शकतो.

लाईट गेल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

घाबरून पान रिफ्रेश करू नका. लॅपटॉप चालू असेल तर आधी मोबाइलने पडद्याचा फोटो घ्या: प्रश्न क्रमांक, उरलेली वेळ, आणि जमलं तर लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळ, हे सगळं एका फोटोत. प्रश्नाचा मजकूर मात्र फोटोत येऊ देऊ नका, त्यावर वहीचा कागद धरा. हे ऐकायला विचित्र वाटेल. पण तुम्ही पुरावा म्हणून पाठवलेल्या फोटोत त्यांचा प्रश्नच आला, तर पेपरचा फोटो काढला हाच नियमभंग होऊ शकतो. कॅमेऱ्याच्या देखरेखीखालची परीक्षा असेल तर मोबाइल हातात घेणंच चालत नाही. तिथे फोटो विसरा आणि वेळा कागदावर लिहून ठेवा.

मग हॉटस्पॉट लावून परत आत जायचा प्रयत्न करा. बऱ्याच प्रणाली तोच पेपर, तिथूनच, उरलेल्या वेळेसह उघडून देतात. पाच-सात मिनिटंच गेली असतील आणि पेपर उघडला, तर गपचूप सोडवून टाका. तेवढ्यासाठी पुन्हा परीक्षा मागणं मला योग्य वाटत नाही, आणि सहसा मिळतही नाही.

अवघड प्रसंग मधला असतो. समजा ११:५० ला पेपर उघडला, १५ मिनिटं उरलीत आणि २८ प्रश्न बाकी आहेत. बरेच जण घाईघाईत टिका मारतात, नापास होतात, आणि मग लाईट गेली होती म्हणून लिहितात. आता नोंदीत काय दिसतं? माणूस परत आला, सगळे प्रश्न सोडवले, स्वतः जमा केलं, नापास झाला. तुमची बाजू तिथेच लंगडी झाली. माझं मत असं की निम्म्याहून जास्त वेळ गेला असेल तर पुढच्या प्रश्नाला हात लावायचा नाही. तसंच सोडा आणि लगेच लिहायला बसा. पण परीक्षेच्या सूचनांमध्ये "अडथळा आला तरी त्याच प्रयत्नात पूर्ण करावी" असं स्पष्ट लिहिलं असेल, तर तो नियम पाळा आणि घडलेलं नंतर कळवा. म्हणून सूचनांचं पान परीक्षेआधी सेव्ह करून ठेवायला मी व्हिडिओत सांगितलं होतं. परीक्षा संपल्यावर ते पान पुष्कळदा दिसतच नाही.

दुसऱ्या मोबाइल नंबरवरून नवीन खातं उघडून परीक्षा द्यायची, हा सल्ला कुणी ना कुणी देतोच. देऊ नका. पीओएसपीची नोंद तुमच्या ओळखपत्राशी, पॅनशी बांधलेली असते. एकाच पॅनवर दोन अर्ज आले की परीक्षेचा प्रश्न बाजूला राहतो आणि ओळखीचा प्रश्न उभा राहतो.

लाईट गेल्याचा पुरावा

अंधाऱ्या खोलीचा फोटो हा पुरावा नाही. तो कुणीही, कधीही काढू शकतो.

चांगला पुरावा म्हणजे ज्यावर तिसऱ्याच कुणाचा तरी शिक्का आणि वेळ आहे. महावितरणचे ग्राहक असाल तर १९१२ वर फोन करून वीज गेल्याची तक्रार नोंदवा, किंवा महावितरणच्या अॅपवरून नोंदवा. बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक लागतो, तो मोबाइलमध्ये आधीच लिहून ठेवा. तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि त्याला वेळ जोडलेली असते. लाईट असतानाच्या वेळेची तक्रार सहसा कुणी करत नाही, म्हणून त्या क्रमांकाला वजन आहे. ठरवून केलेली दुरुस्ती असेल तर आदल्या दिवशी नोंदणीकृत मोबाइलवर मेसेज आलेला असू शकतो, तोही शोधा. पण सावध: असा मेसेज आधीच आलेला असेल, तर "माहीत असूनही त्याच वेळी परीक्षेला का बसलात?" हा प्रश्न येणार. तेव्हा मेसेज नीट वाचून मगच जोडा, आणि विचारलं तर खरं उत्तर द्या.

दुकान भाड्याचं असेल आणि बिल मालकाच्या नावावर असेल तर ईमेलमध्ये एक वाक्य घाला, नाहीतर तक्रारीवरचं नाव वेगळं दिसतं आणि शंका येते.

तक्रार करायचं सुचलंच नाही तर? मग पुरावा नाही असं समजून गप्प बसू नका आणि नंतर बनवायलाही जाऊ नका. वेळा लिहा. वेळा त्यांच्या नोंदीशी जुळल्या तर पहिल्या वेळी बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतं.

प्लॅटफॉर्मच बंद पडला असेल तर

तुमचं नेट नीट चालू आहे, यूट्यूब उघडतंय, पण परीक्षेचं पान उघडत नाही, तर प्रकरण वेगळं. पडद्यावर "502 Bad Gateway" किंवा "504 Gateway Timeout" असं काही आलं तर त्याचा अर्थ साधारण असा की तुमची मागणी त्यांच्या दारापर्यंत पोचली, आतून उत्तर आलं नाही. "No internet" किंवा "DNS_PROBE_FINISHED_NO_INTERNET" आलं तर दोष बहुधा तुमच्या बाजूला आहे. हा फरक ओळखा, कारण त्यावर मागणीचा सूर ठरतो. लाईट तुमच्याकडची गेली तर तुम्ही सवलत मागताय. सर्व्हर त्यांचा पडला तर तुम्ही दुरुस्ती मागताय. पहिल्यात "विनंती", दुसऱ्यात "कृपया तपासून प्रयत्न पूर्ववत करावा". पण दुसऱ्यातही आवाज चढवायचं कारण नाही, कारण सर्व्हर पडल्याची खात्री त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त असते.

स्क्रीनशॉट पूर्ण पडद्याचा घ्या. वरची पत्त्याची ओळ आणि खालचं घड्याळ दोन्ही दिसलं पाहिजे. फक्त मधला "Error" कापून पाठवलात तर तो कुठल्या साइटचा आणि कधीचा हे कळत नाही.

आणि एक विनंती. लाईट गेली असताना "सर्व्हर डाऊन होता" असं लिहू नका. त्यांना वाटेल दोष आपला, म्हणजे काम पटकन होईल, असा हिशोब लोक करतात. पण त्याच अर्ध्या तासात शंभर जणांनी तीच परीक्षा सुरळीत दिलेली असते, आणि ते त्यांना एका क्लिकवर दिसतं.

ईमेल

उशिरा लिहिलेला ईमेल संशयास्पद वाटतो. चार दिवसांनी "त्या दिवशी लाईट गेली होती" म्हणणारा माणूस निकाल बघून जागा झाला असंच वाटतं. त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात लिहा.

लोक सहसा लिहितात ते असं: "सर, माझी परीक्षा चालू असताना लाईट गेली, त्यामुळे मी नापास झालो, माझा अभ्यास खूप चांगला झाला होता, माझ्या घरची परिस्थिती अशी आहे की मला हे काम मिळणं गरजेचं आहे, कृपया पास करावे." यात लॉगिन आयडी नाही, वेळ नाही, आणि मागणी तर चुकीचीच आहे. पास करणं त्याच्या हातात नाही. अपूर्ण प्रयत्न रद्द करून नवीन प्रयत्न उघडणं हे त्याच्या, किंवा त्याच्या वरिष्ठाच्या, हातात असतं. मूडलमध्ये त्यासाठी "User overrides" नावाची सोयच आहे, एका विशिष्ट विद्यार्थ्याला एक जादा प्रयत्न देता येतो. म्हणजे तुम्ही काहीतरी अवघड मागताय असं नाही. त्याला फक्त कुणासाठी आणि का, हे विश्वासाने लिहिता आलं पाहिजे.

आता आपला बार्शीचा ईमेल.

विषय: पीओएसपी परीक्षा वीज गेल्याने अपूर्ण – नवीन प्रयत्नासाठी विनंती – लॉगिन आयडी (तुमचा आयडी) – (तारीख)

महोदय / महोदया,

आज सकाळी ११:०५ वाजता मी पीओएसपी परीक्षा सुरू केली. ११:२९ च्या सुमारास आमच्या भागातील वीज गेली आणि इंटरनेट बंद झाले. त्या वेळी साधारण २२ प्रश्न झाले होते व २३ वा प्रश्न उघडा होता. मोबाइल इंटरनेटवरून ११:३६ आणि ११:४१ वाजता पुन्हा लॉगिनचा प्रयत्न केला, परंतु "Session already active" असा संदेश आला. वीज १२:१२ वाजता आली. तोपर्यंत १२:०५ ला वेळ संपून परीक्षा आपोआप जमा झाली होती व निकाल "Fail" दिसत आहे. परीक्षा मी स्वतः जमा केलेली नाही.

विनंती अशी की, नोंदी तपासून हा अपूर्ण प्रयत्न रद्द करावा आणि परीक्षेचा एक नवीन प्रयत्न उपलब्ध करून द्यावा. प्रश्नसंच वेगळा असला तरी चालेल. १५ तासांचे प्रशिक्षण पूर्ण झालेले आहे, ते तसेच ग्राह्य राहील का, हेही कृपया कळवावे.

सोबत: (१) महावितरणकडील तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट, (२) ११:३६ च्या संदेशाचा स्क्रीनशॉट. वीजजोडणी दुकानमालकांच्या नावावर आहे.

उद्यापासून कोणत्याही दिवशी सकाळी १० ते १ या वेळेत परीक्षा देता येईल.

नाव, मोबाइल क्रमांक, लॉगिन आयडी

बघा, यात "मेहरबानी" नाही, घरची परिस्थिती नाही, आणि महावितरणवर रागही नाही. तीन वाक्यं मात्र मुद्दाम घातलीत.

"परीक्षा मी स्वतः जमा केलेली नाही" हे त्याला लगेच तपासता येतं, कारण आपोआप जमा आणि बटण दाबून जमा यांची नोंद सहसा वेगळी असते. "प्रश्नसंच वेगळा असला तरी चालेल" हे त्या चहावाल्या माणसाच्या संशयाला उत्तर आहे. प्रश्न बघून घेतलेला माणूस हे स्वतःहून म्हणणार नाही. आणि प्रशिक्षणाचं वाक्य घातलंय कारण घाईत कुणीतरी तुमचं पूर्ण खातंच रीसेट करू शकतं. मग परीक्षा तर उघडते, पण १५ तासांचं घड्याळ परत शून्यावर. ते नंतर दुरुस्त करून घेण्यापेक्षा आधीच विचारलेलं बरं.

भाषा कुठली? ब्रोकरचा रिलेशनशिप मॅनेजर सोलापूर-पुण्याचा असेल तर मराठीत बिनधास्त लिहा. सपोर्टची टीम महाराष्ट्राबाहेर बसत असेल तर हाच क्रम ठेवून इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा, पण वाक्यं एवढीच छोटी ठेवा. पाठवताना सपोर्टचा पत्ता मुख्य ठेवा आणि रिलेशनशिप मॅनेजरला प्रत पाठवा. फक्त त्याला व्हॉट्सअॅप करून थांबलात तर तो "बघतो" म्हणतो, आणि कुठेही नोंद राहत नाही. ईमेल गेल्यावर त्याला फोन जरूर करा. काम बऱ्याचदा फोननेच हलतं, पण आधार ईमेलचा लागतो.

उत्तर आल्यावर

कधी आपोआप आलेलं उत्तर असतं: तिकीट नंबर अमुक. तो जपून ठेवा आणि पुढचं सगळं त्याच ईमेलखाली लिहा. नवीन ईमेल केलात की नवीन तिकीट बनतं आणि दुसरा माणूस सुरुवातीपासून वाचायला लागतो.

कधी उत्तर येतं, "तुमची समस्या सोडवली आहे, तिकीट बंद". लॉगिन करून बघता तर परीक्षा उघडली आहे, पण जुना "Fail" तसाच आणि त्यापुढे लिहिलंय "Attempt 2". हे पुरेसं आहे का? एकूण किती प्रयत्न मिळतात यावर अवलंबून. तो नियम कंपनीचा असतो. प्रयत्नांना मर्यादा असेल तर तुमचा एक प्रयत्न वाया गेलेलाच आहे, फक्त दुसरा लवकर उघडला. अशा वेळी परीक्षा देण्याआधी त्याच तिकिटावर एक ओळ लिहा: "नवीन प्रयत्न मिळाला, आभार. आधीचा प्रयत्न रद्द धरला आहे की पहिला प्रयत्न म्हणून मोजला आहे, हे कृपया कळवावे." परीक्षा दिल्यानंतर हे विचारण्यात फार अर्थ राहत नाही.

आणि कधी सरळ नकार येतो: वीज आणि इंटरनेट ही परीक्षार्थीची जबाबदारी आहे. सूचनांमध्ये तसं लिहिलं असेल तर भांडण्यासारखं फार काही नाही, खरं सांगतो. पण दोन गोष्टी तरी विचारता येतात. पुढचा नियमित प्रयत्न कधी उघडेल, आणि फी भरलेली असेल तर ती त्यासाठी धरली जाईल का. आपल्या उदाहरणात आणखी एक मुद्दा उरतो: हॉटस्पॉटवरून तुम्ही सात मिनिटांत परत आला होतात आणि त्यांच्या प्रणालीने आत घेतलं नाही. वीज तुमची जबाबदारी असेल, पण ११:३६ नंतरची अडवणूक विजेमुळे नव्हती. नकाराला उत्तर देताना फक्त तेवढाच मुद्दा मांडा, पूर्ण गोष्ट परत सांगू नका: "वीजपुरवठ्याबाबतचा नियम मान्य आहे. मात्र ११:३६ पासून माझे इंटरनेट सुरू होते आणि २९ मिनिटे शिल्लक होती. त्या वेळी लॉगिन का होऊ शकले नाही, हे कृपया नोंदीवरून तपासावे." हे वरिष्ठांकडे पाठवावं लागलं तरी टिकणारं वाक्य आहे.

दोन कामाचे दिवस उत्तर नाही आलं तर त्याच ईमेलखाली तिकीट नंबर घालून आठवण करा. त्यानंतरही शांतता असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो का ते बघा आणि तोच ईमेल, वर दोन ओळी जोडून, तिकडे पाठवा.

नवीन प्रयत्न मिळाला, आता राउटरचं बघा

दुसऱ्यांदा लाईट गेली तर हाच ईमेल परत चालणार नाही, हे उघड आहे. लॅपटॉपला बॅटरी आहेच, प्रश्न राउटरचा. राउटरच्या अॅडॉप्टरवर बघा, बहुतेकांवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं. त्या मापाचा छोटा डीसी यूपीएस, दुकानात "राउटर यूपीएस" म्हणून मागितला तर मिळतो, राउटर आणि अॅडॉप्टरच्या मध्ये लावायचा. व्होल्ट आणि पिनचा आकार दोन्ही जुळवून घ्या. फायबरचा डबा आणि वायफाय राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही लागेल, एकाला लावून उपयोग नाही. आणि गल्लीतल्या केबलवाल्याचं यंत्रही लाईटवरच असेल तर तुमचा यूपीएस चालू राहूनही नेट जाऊ शकतं. तुमच्याकडे तसं होतं का हे ओळखणं सोपं आहे: पुढच्या वेळी लाईट जाईल तेव्हा यूपीएस लावलेला राउटर घेऊन बघा, दिवे हिरवे राहतात की लाल होतात.

लाल होत असतील तर परीक्षा सुरुवातीपासूनच मोबाइल हॉटस्पॉटवर द्या. मध्येच नेट बदललं तर परत तोच "Session already active" समोर येतो.